फेरिटिन नॉर्मल आलं म्हणून लोह नॉर्मल असतं असं नाही, वहिनींच्या रिपोर्टवरून समजून घेऊया

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या घरापासून तिसऱ्या घरी एक वहिनी राहतात, वय 36, दोन मुलं, घरात ब्लाऊज शिवायचं काम. नाव लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात एक दिवस दारात उभं राहून म्हणाल्या, "ताई, जरा हा कागद बघ की गं. डॉक्टर म्हणाले लोह नॉर्मल हाय, मग मी एवढी कशानं दमायलोय? जिना चढलो की छातीत धडधडतंय बघ." मी चौदा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे त्यामुळे गल्लीतले निम्मे रिपोर्ट माझ्याकडं येतातच, पण त्या दिवशी कागदाच्या आधी माझं लक्ष दुसरीकडंच गेलं. बोलता बोलता त्या सुपात तांदूळ निवडत होत्या आणि दर दोन मिनिटाला चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकत होत्या. विचारलं तर लाजल्या, म्हणाल्या दोन वर्षं झाली ही सवय, दिवसाला वाटीभर जातात.

कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, माती, बर्फ असलं काहीतरी खावंसं वाटणं ही नुसती खोड नसते, लोह कमी पडलेल्या बायकांमध्ये हे पुष्कळ वेळा दिसतं. म्हणजे कागद "लोह नॉर्मल" म्हणतोय आणि सूप काहीतरी वेगळंच सांगतंय. कोण बरोबर, हे कसं ठरवायचं ते आज लिहिते, कारण अॅनिमियाच्या कॅम्पच्या बातम्या सारख्या येतात पण त्यात नुसता हिमोग्लोबिनचा एक आकडा असतो, आणि फेरिटिन, सॅच्युरेशन हे शब्द दिसले की लोक कागद घडी घालून ठेवतात.

आधी हिशेब: येतं किती, जातं किती

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये 54 टक्के अॅनिमिक निघाल्या. प्रत्येकीचं कारण लोहच असतं असं नाही, बी12 पण असतं, दुसरी कारणं पण असतात, पण सगळ्यात मोठं कारण लोहच. आणि ते पाळी येणाऱ्या बायकांमध्येच एवढं का, याचं उत्तर घरखर्चाच्या वहीसारखं मांडता येतं.

शरीराला लोह बाहेर टाकायची वाटच नाही. जुन्या लाल पेशी साधारण 120 दिवसांनी मोडतात, त्यातलं लोह काढून नव्या पेशीत घालतात, भंगारातला पितळी तुकडा वितळवून परत नवं भांडं करावं तसं. रोज असं 20 ते 25 मिलिग्रॅम लोह आतल्या आत फिरत असतं. बाहेर जातं ते फक्त कातडी, आतड्याच्या झडणाऱ्या पेशी यातून, रोज एक मिलिग्रॅमच्या आसपास. पुरुषाचा खर्च इथंच संपतो.

बाईचा नाही संपत. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिली रक्त जातं, आणि एक मिली रक्तात ढोबळमानानं 0.4 मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे महिन्याला 15 मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसावर वाटलं तर रोजचा अर्धा मिलिग्रॅम जादा. ऐकायला काहीच नाही. पण मूळ खर्चच एक मिलिग्रॅमचा आहे, त्यात अर्धा वाढला म्हणजे खर्च दीडपट झाला. पाळी जास्त जाणारी असेल, म्हणजे 80 मिलीच्या वर, तर महिन्याला 30-35 मिलिग्रॅम जातात आणि खर्च दुप्पट होतो.

आता जमेची बाजू. आपल्या भाकरी-भाजी-आमटीच्या जेवणात लोह असतं, नसतं असं नाही, पण धान्य-कडधान्यात फायटेट नावाचा पदार्थ लोहाला धरून ठेवतो आणि पोटात गेलेल्या लोहातलं पाच-दहा टक्केच रक्तात उतरतं. दिवसात 15 मिलिग्रॅम खाल्लं तर हातात पाऊण ते दीड मिलिग्रॅम. म्हणजे ज्या बाईची पाळी साधी आहे तिची वही जेमतेम जुळते, आणि जिची जास्त जाते तिची दर महिन्याला तूट. तूट भरायला साठा लागतो, पुरुषाच्या अंगात सुमारे एक ग्रॅम साठा असतो आणि बाईच्या अंगात बऱ्याचदा 300 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. रोज 0.6 मिलिग्रॅमची तूट धरली तर 300 चा साठा 500 दिवसांत संपतो, दीड वर्षसुद्धा नाही झालं. मध्ये बाळंतपण आलं तर एका गरोदरपणाची गरजच साधारण हजार मिलिग्रॅमची असते, ती कुठून काढायची?

वहिनींना मी पाळीचं विचारलं. "नेहमीसारखीच की," म्हणाल्या. हे उत्तर मी लॅबमध्ये हजार वेळा ऐकलंय. खोदून विचारलं तेव्हा कळलं की आठ दिवस जाते, पहिले तीन दिवस दीड-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, रात्री दोनदा उठावं लागतं आणि रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात. आईची पण अशीच जायची, बहिणीची पण, म्हणून त्यांना ते नेहमीचं. मिलीत कुणीच मोजत नाही, पण सात दिवसांच्या वर जाणं, दोन तासांच्या आत पॅड भरणं, रात्री बदलायला उठणं, मोठ्या गाठी, यातलं काही असेल तर ती जास्तच जाणारी पाळी समजायची.

फेरिटिन म्हणजे कणगी, ट्रान्सफेरिन म्हणजे रिक्षा

दोनच शब्द समजले तरी रिपोर्टचा तीन चतुर्थांश भाग कळतो.

लोह मोकळं फिरलं तर पेशींना त्रास देतं, म्हणून शरीर ते फेरिटिन नावाच्या प्रोटीनमध्ये कोंडून ठेवतं, गावाकडं धान्य कणगीत ठेवतात तसं. ही कणगी खरं तर लिव्हर, प्लीहा, बोन मॅरो यांच्या पेशींच्या आत असते, पण थोडं फेरिटिन रक्तात झिरपतं आणि आपण मोजतो ते हे झिरपलेलं. तब्येत ठीक असेल तर ते साठ्याच्या प्रमाणात असतं, रक्तातला एक आकडा म्हणजे साठ्यातलं साधारण 8 मिलिग्रॅम लोह असा ढोबळ हिशेब आहे. फेरिटिन 40 म्हणजे 300 च्या आसपास साठा, 7 म्हणजे पन्नास-साठ, कणगीचा तळ खरवडायची वेळ.

ट्रान्सफेरिन हे लोहाची ने-आण करणारं प्रोटीन. दोन सीटची रिक्षा समजा, कारण एका ट्रान्सफेरिनवर लोहाचे बरोब्बर दोनच अणू बसतात. ह्या रिक्षा कणगीतून आणि आतड्यातून लोह उचलून बोन मॅरोमध्ये सोडतात, तिथं नव्या लाल पेशी बनतात. कुठल्याही क्षणी सगळ्या रिक्षांत मिळून जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम लोह असतं, पण फेऱ्या इतक्या की दिवसात वीस-पंचवीस मिलिग्रॅम पोचतं.

रिपोर्टमध्ये सीरम आयर्न लिहिलेलं असतं ते म्हणजे बसलेल्या पॅसेंजरचा आकडा, टीआयबीसी म्हणजे एकूण सीटा, आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागून शंभरनं गुणलं की ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे शंभरातल्या किती सीटा भरल्यात. साधारण 20 ते 45 टक्के भरलेल्या असल्या तर काम नीट चालतं. 20 च्या खाली गेलं की ओढाताण सुरू, आणि 16 च्या खाली बोन मॅरोला लाल पेशी बनवायला पुरेसं लोहच पोचत नाही.

यात एक गंमत आहे जी मला दर वेळी नव्यानं आवडते. लोह कमी पडलं की लिव्हर जास्त रिक्षा रस्त्यावर सोडतं, जिथं मिळेल तिथून उचलून आणा म्हणून. त्यामुळं पॅसेंजर कमी आणि सीटा जास्त असं दोन्ही बाजूंनी होतं आणि सॅच्युरेशन धाडकन खाली येतं. म्हणून नुसतं सीरम आयर्न बघण्यापेक्षा हे टक्के बघणं बरं.

हिमोग्लोबिन 12 आहे, मग कशाला एवढं?

हा प्रश्न येणारच, कॅम्पमध्ये 12 आलं की "पास" म्हणून सोडतात. गरोदर नसलेल्या बाईला 12 च्या खाली अॅनिमिया म्हणायचं हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप बरोबरच आहे, पण हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी पडतं. आधी कणगी रिकामी होते, फेरिटिन उतरतं. मग रिक्षा रिकाम्या धावायला लागतात, सॅच्युरेशन उतरतं. त्यानंतर कुठं लाल पेशी कमी आणि बारक्या व्हायला लागतात. घरातलं पिठाचं पिंप रिकामं झालं तरी त्या दिवशीच्या भाकऱ्या ताटात असतातच की, ताट बघून पिंपाचा अंदाज कसा येणार.

आणि लोह फक्त रक्ताला लागतं असं नाही, स्नायूंना लागतं, मेंदूला लागतं. हिमोग्लोबिन नीट पण फेरिटिन कमी आणि सारखा थकवा अशा बायकांना लोह देऊन अभ्यास झालेत आणि त्यांचा थकवा कमी झालेला दिसलाय. म्हणून 12.3 हिमोग्लोबिनवाली बाई दमले म्हणाली तर तिला "मनाचे खेळ" म्हणून घरी पाठवू नये, फेरिटिन करून बघावं.

आता वहिनींचा कागद

हिमोग्लोबिन 10.4. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, 72 (80 च्या खाली म्हणजे बारीक पेशी). फेरिटिन 41. त्याच्या शेजारी लॅबची छापील रेंज 10 ते 120, म्हणून फेरिटिनला ना ठळक अक्षर ना बाण, आणि कुणीतरी पेनानं त्याला टिक करून "नॉर्मल" लिहिलेलं. पण खाली सीरम आयर्न 28 आणि टीआयबीसी 290 असं पण होतं, सॅच्युरेशन काढलेलंच नव्हतं. मी मोबाईलवर केलं, 28 भागिले 290, दहा टक्केसुद्धा नाही, 9.7.

कणगीत धान्य दिसतंय आणि रिक्षा मात्र रिकाम्या. हे कसं काय?

वहिनींना विचारलं, रक्त दिलं तेव्हा बरं होतं का? "कुठलं बरं, दाढ सुजल्ती, ताप होता, गाल हा एवढा. दाढेसाठी गेल्तो तर म्हणाले रक्तपण तपासू." सगळं तिथंच उलगडलं. मी त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांनी लॅबला फोन करून त्याच सॅम्पलमधून सीआरपी करून घेतली (सॅम्पल तीन दिवस फ्रीजमध्ये होतं म्हणून जमलं). सीआरपी म्हणजे अंगात कुठंतरी सूज, इन्फेक्शन चालू आहे हे सांगणारी टेस्ट, 5 च्या आत हवी. वहिनींची 24.

सूज असली की फेरिटिन फुगतं

इन्फेक्शन झालं की शरीर लोह लपवतं, कारण जंतूंना वाढायला लोह लागतं. लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि ते पेशींमधून लोह बाहेर यायची दारं बंद करतं, कणगीची पण आणि आतड्याची पण. कर्फ्यू लागल्यावर दुकानाचं शटर ओढतात तसं. माल आत अडकतो, रिक्षा रिकाम्या. वर फेरिटिन हे प्रोटीन स्वतःच सूज आली की जास्त बनतं, आत लोह असो नसो. त्यामुळं ज्या बाईचं खरं फेरिटिन 7-8 असेल तिचं तापात 40 येऊ शकतं आणि कागद सरळ चेहऱ्यानं खोटं बोलतो.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये मोठ्या माणसांसाठी दोन वेगळी मापं दिलीत, तब्येत ठीक असेल तर फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता, आणि इन्फेक्शन किंवा सूज असेल तर 70 च्या खाली. वहिनींचं 41 पहिल्या मापानं पास, दुसऱ्या मापानं नापास, आणि त्यांना लागू पडतं ते दुसरं. बरेच डॉक्टर तर तब्येत ठीक असतानासुद्धा 30 च्या खालीच कमतरता धरतात कारण 15 ला थांबलं तर बऱ्याच बायका सुटतात, आणि मला ते पटतं. छापील रेंजवर तर मी फार भरवसा ठेवत नाही. ती रेंज वरवर निरोगी दिसणाऱ्या बायकांची रक्तं तपासून काढतात, आणि त्यातल्या कितीतरी जणींची कणगी आधीच रिकामी असते.

उलटी बाजू पण सांगायला हवी, कमी फेरिटिन कधी खोटं बोलत नाही. फेरिटिन 9 आलं तर दुसऱ्या कशाची वाट बघायची नाही, लोह संपलंय. घोळ होतो तो फक्त मधल्या आणि वरच्या आकड्यात.

मग नुसतं सॅच्युरेशनच बघितलं तर?

नाही चालत, कारण त्याची पण खोड आहे. वरचाच कर्फ्यू आठवा, कणगी गच्च भरलेली असली तरी शटर बंद म्हणून रिक्षा रिकाम्याच राहणार. संधिवात, क्षयरोग, जुनाट इन्फेक्शन असलेल्या माणसाचं सॅच्युरेशन 12 येऊ शकतं आणि फेरिटिन 250, तिथं लोह कमी नाही, अडकलंय, आणि गोळ्या गिळून फारसं काही होत नाही. दोन्ही शेजारी ठेवले तरच चित्र दिसतं. फेरिटिन 30 च्या खाली असेल तर प्रश्न मिटला. सूज असताना फेरिटिन 100 पर्यंत आणि सॅच्युरेशन 20 च्या खाली असेल तर लोह कमी असल्याची दाट शंका धरायची. फेरिटिन 100 च्या वर आणि सॅच्युरेशन कमी असेल तर बहुतेक अडकलेलं लोह. किडनी आणि हार्टच्या पेशंटना मापं वेगळी असतात, ती त्यांच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावी.

टीआयबीसीवरून पण अंदाज येतो. लोह खरंच कमी असेल तर सीटा वाढतात, 400 च्या वर जातात, पण सूज असेल तर लिव्हर ट्रान्सफेरिन कमी बनवतं आणि सीटा घटतात. वहिनींचं 290 आलं ते ह्या दोघांच्या ओढाताणीत.

सॅच्युरेशन बिघडायचं दुसरं कारण आमच्या काउंटरवर रोज दिसतं. सीरम आयर्न दिवसभरात वरखाली होतं, आणि सकाळी लोहाची गोळी घेऊन दहाला रक्त द्यायला आलात तर पॅसेंजर एकदम वाढलेले दिसतात, सॅच्युरेशन 50-60 सुद्धा येतं आणि घरात सगळे खूश होतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, गोळी चालू असेल तर आदल्या दिवसापासून थांबवायची, आणि काउंटरवर सांगायचं की गोळी चालू आहे. फेरिटिनला उपाशी राहायची गरज नाही, एका जेवणानं किंवा गोळीनं ते हलत नाही. ताप-सर्दी चालू असेल आणि घाई नसेल तर मात्र दोन-तीन आठवडे थांबून दिलेलं बरं.

बारीक पेशी म्हणजे थॅलेसेमिया तर नाही?

वहिनींच्या नणंदेनं ही शंका काढली आणि ती चुकीची नव्हती. थॅलेसेमिया म्हणजे आईबापाकडून येणारा हिमोग्लोबिनचा दोष, आणि मायनर म्हणजे त्याचा सौम्य प्रकार. थॅलेसेमिया मायनरमध्ये पण पेशी बारीक असतात, माणूस धडधाकट असतो, आणि लोह देऊन उपयोग नसतो. आपल्याकडं गांधीनगर जवळ असल्यानं लॅबमध्ये अशा केसेस येतात, सिंधी समाजात ह्याचं प्रमाण जास्त आहे, पण इतर कुठल्याही समाजात असू शकतं. एक सोपा अंदाज असतो, एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षातल्या आकड्यानं भागायचं. वहिनींचं 72 भागिले 4.3, म्हणजे 16.7. 13 च्या वर आलं तर लोहाकडं बोट, 13 च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडं, कारण त्यात पेशी बारीक असल्या तरी संख्येनं भरपूर असतात. हा फक्त अंदाज, पक्कं करायला हिमोग्लोबिन ए2 ची तपासणी लागते, आणि ती लोह भरून आल्यावर केलेली चांगली कारण लोह कमी असताना ए2 खाली दिसू शकतं आणि थॅलेसेमिया निसटतो.

सहा आठवड्यांनी

दाढेचं काम झालं, सूज गेली. डॉक्टरांना शंका पक्की होती तरी रुट कॅनाल झाल्यावर त्यांनी परत रक्त घ्यायला सांगितलं, आणि ह्या वेळी मीच काढलं. सीआरपी 2. फेरिटिन 7. सीरम आयर्न 30, टीआयबीसी 430, सॅच्युरेशन 7 टक्के. कर्फ्यू उठला आणि कणगीचा तळ दिसला. मधल्या सहा आठवड्यांत एक पाळी अजून गेल्यामुळं हिमोग्लोबिन 10.1 वर आलं होतं.

पण लोह कमी आहे हे कळल्यावर निम्मंच काम होतं, गळती कुठं आहे ते शोधायला हवं, नाहीतर भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतत बसायचं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, कॅन्सरची नव्हे, साधी फायब्रॉइडची, आणि पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या. ज्या बाईची पाळी बेताची आहे किंवा बंद झालीय आणि तरी फेरिटिन तळाला आहे तिथं मूळव्याध, अल्सर, आतड्यातला रक्तस्राव, जंत, लोह शोषलंच न जाणं हे सगळं बघावं लागतं. पाळी आहे ना, मग त्यामुळंच असेल, म्हणून सोडून देणं चूक.

गूळ-शेंगदाणे, बीट खाल्लं तर भागणार नाही का?

वहिनींच्या सासूबाईंचा हाच आग्रह होता, आणि कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध बोलायला मलाही जड जातं. पण आकडे बघूया. वीस ग्रॅमच्या गुळाच्या खड्यात फार तर एक-दोन मिलिग्रॅम लोह, त्यातला दहावा हिस्सासुद्धा रक्तात उतरत नाही. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं असं वाटतं, पण शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. मटणातलं लोह वेगळ्या रूपात असल्यानं धान्यातल्यापेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातं, पण तांबड्या रश्श्यात ते नाही, फोडींमध्ये आहे, आणि घरात फोडी कुणाच्या ताटात जातात आणि रस्सा कुणाच्या, हे मी वेगळं सांगायला नको. जेवणाबरोबर लिंबू, आवळा, पेरू घेतला तर धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवल्या जेवल्या चहा घेतला तर कमी. म्हणून चहा एक-दीड तास पुढं ढकलायचा. हे सगळं करायचंच, पण ते वही जुळवण्यापुरतं. कणगी तळाला गेल्यावर भरून काढायला काही शे मिलिग्रॅम लागतात, आणि दिवसाला अर्धा मिलिग्रॅम जास्त शोषून ते भरायला वर्षं जातील, तेवढ्यात पाळ्या थांबणार आहेत का?

गोळीचं पण एक कळलंय, एक गोळी घेतली की हेप्सिडिन दिवसभर वाढलेलं राहतं आणि पुढची गोळी कमी शोषली जाते, त्यामुळं दिवसाला तीन-तीन गोळ्यांपेक्षा एक, किंवा एक दिवसाआड एक असं आता बरेच डॉक्टर देतात. पोटाला त्रासही कमी. वहिनींना दिवसाआड एक दिली, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब. शौचाला काळं होतं हे आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर निम्म्या बायका त्याला घाबरूनच गोळी सोडतात.

महिन्यानं हिमोग्लोबिन 11.3. गोळी लागू पडली की साधारण एवढ्या काळात एक-दोन अंकांनी वाढ दिसते. अजिबात हललं नाही तर गोळी पोटात जातीय का, शोषली जातीय का, गळती चालू आहे का, की निदानच चुकलं, हे परत बघायचं. तीन महिन्यांनी 12.6 आलं आणि वहिनी गोळ्यांचा डबा माझ्यासमोर ठेवत म्हणाल्या, "झालं की गं आता, बंद करू?" फेरिटिन बघितलं, 19. ताटात भाकरी आली होती, पिंपात पीठ नव्हतं. डॉक्टरांनी अजून तीन महिने चालू ठेवायला सांगितलं आणि परवा तपासलं तेव्हा फेरिटिन 48, सॅच्युरेशन 26, सीआरपी पण सोबत केली, 1.5, त्यामुळं ह्या वेळच्या 48 वर विश्वास ठेवता येतो. फायब्रॉइड अजून आहे, म्हणून सहा महिन्यांनी परत फेरिटिन करायचं ठरलंय.

रक्त काढून झाल्यावर मी तांदळाचं विचारलं. जरा वेळ आठवत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं खरंच की, कधी सुटलं ते ध्यानातच आलं नाही."